दुसरं इंद्रधनुष्य उलटं का असतं? (आणि माझी एक चूक)

आजचा भाग थोडा माफीनाम्यासारखा आहे. मागे एका भागात बोलता बोलता मी सांगून टाकलं होतं की आकाशात कधी कधी दिसणारं दुसरं, वरचं इंद्रधनुष्य म्हणजे पहिल्याचं प्रतिबिंब असतं, म्हणून त्याचे रंग उलटे दिसतात. ते चूक होतं. आणि मला पकडलं कोणी, तर आईनं.

झालं असं, की जुलैत एका संध्याकाळी पाऊस थांबल्यावर आम्ही दोघं गच्चीवर वाळत घातलेले, परत भिजलेले कपडे काढायला गेलो होतो. पश्चिमेला ढगाखालून ऊन आलं होतं आणि पूर्वेला अजून पाऊस पडत होता. तिकडे एक नाही, दोन इंद्रधनुष्यं. खालचं ठसठशीत, वरचं फिकट. खालच्यात तांबडा बाहेर, वरच्यात तांबडा आत. मी लगेच एपिसोडमधलंच वाक्य तिला ऐकवलं. ती म्हणाली, "प्रतिबिंब? अरे, पण आरसा कुठाय?" मग थोडं थांबून, "आणि दोघांच्या मधलं आभाळ एवढं काळपट का रे?"

मला उत्तर येईना. बीटेक झालंय, प्रवेश परीक्षेला इंद्रधनुष्यावरचा प्रश्न सोडवलाय, आकृती पाठ होती. पण मधला काळपट पट्टा मी त्याआधी कधी नीट बघितलाच नव्हता. पुढचे दोन आठवडे ऑफिसनंतर हेच वाचत बसलो. आणि कळलं की आईचे दोन्ही प्रश्न माणसांनी जवळजवळ दोन हजार वर्षं विचारलेत. आज त्याचीच गोष्ट.

सुरुवात ॲरिस्टॉटलपासून करू. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात त्यानं हवामानावर एक ग्रंथ लिहिला. त्यात दोन इंद्रधनुष्यांचा उल्लेख आहे, दुसरं फिकट असतं हे आहे, रंगांचा क्रम उलटा असतो हेही आहे. म्हणजे निरीक्षण पक्कं. स्पष्टीकरण मात्र असं की नजर ढगावर आपटून सूर्याकडे परावर्तित होते आणि जितकं अंतर जास्त तितकी ती दुबळी होते. वरचं धनुष्य दूर, म्हणून फिकट. आज हे विचित्र वाटतं, पण त्यातला 'परावर्तन' हा धागा पुढे कामाला आला.

मधल्या पट्ट्याकडे पहिल्यांदा बोट दाखवलं ते ॲरिस्टॉटलच्याच एका भाष्यकारानं, अफ्रोडिसियासच्या अलेक्झांडरनं. साधारण इसवी सन २०० चा काळ. त्याचा मुद्दा साधा होता. दोन्ही धनुष्यांच्या तांबड्या कडा एकमेकींकडे तोंड करून आहेत. तांबडा हा सगळ्यांत तेजस्वी रंग मानला जात होता. मग दोन तेजस्वी कडांच्या मधली जागा उलट अंधारी का? म्हणजे आईचा प्रश्न. त्याला उत्तर सापडलं नाही, पण पट्ट्याला आजही अलेक्झांडरचा पट्टा म्हणतात. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव राहिलं, हे मला फार आवडलं.

यानंतर आपण अकराशे वर्षं उडी मारतोय. मधल्या काळात काही झालं नाही असं नाही. अकराव्या शतकात इब्न अल-हैथमनं प्रकाशशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला, आणि १२६० च्या दशकात इंग्लंडच्या रॉजर बेकननं इंद्रधनुष्याचा कोन मोजून ४२ अंश असा नोंदवला. पण खरी मजा १३०० सालाच्या आसपास झाली, कारण एकच प्रयोग दोन माणसांनी, जगाच्या दोन टोकांना, एकमेकांचं नावही न ऐकता केला.

एक इराणमधला कमाल अल-दीन अल-फारिसी. त्याच्या गुरूनं, कुत्ब अल-दीन अल-शिराझीनं, त्याला इब्न अल-हैथमचा ग्रंथ अभ्यासायला सांगितलं, आणि भाष्य लिहिता लिहिता तो इंद्रधनुष्यापाशी पोचला. दुसरा जर्मनीतला डॉमिनिकन साधू, फ्रायबर्गचा थिओडोरिक. १३०४ मध्ये तुलूझला त्याच्या पंथाची सभा भरली होती, तिथे पंथाच्या प्रमुखानं त्याला सांगितलं की हे सगळं लिहून काढ. म्हणून त्यानं लिहिलं.

दोघांची युक्ती एकच: पावसाचा थेंब हातात धरून तपासता येत नाही, पण मोठा थेंब बनवता येतो. काचेचा गोल घ्या, पाण्यानं भरा, त्यावर ऊन सोडा आणि प्रकाश कुठून आत जातो, कुठे आपटतो, कुठून बाहेर पडतो ते बघा. आमच्या भाषेत सांगायचं तर पूर्ण सिस्टिम डीबग करण्याऐवजी त्यांनी एक युनिट बाजूला काढून तपासलं. तोवर बहुतेक लोक ढगाला एक मोठा आरसा समजत होते. या दोघांनी एकेका थेंबाचा हिशेब मांडला.

त्यांना काय दिसलं? पहिल्या इंद्रधनुष्यासाठी प्रकाश थेंबाच्या वरच्या भागातून आत शिरतो, शिरताना वाकतो (हे अपवर्तन), थेंबाच्या मागच्या भिंतीवर एकदा आपटून परत फिरतो (हे परावर्तन) आणि खालच्या बाजूनं पुन्हा वाकून बाहेर पडतो. दुसऱ्या इंद्रधनुष्यासाठी प्रकाश खालच्या भागातून शिरतो, आत दोनदा आपटतो आणि वरच्या बाजूनं बाहेर पडून खाली आपल्याकडे येतो.

इथे माझी चूक संपते. दुसरं इंद्रधनुष्य पहिल्याकडून काहीच घेत नाही. त्याचे थेंब वेगळे, आकाशात आणखी वर असलेले. त्याचा प्रकाश थेट सूर्याकडून आलेला. पहिलं धनुष्य पुसून टाकलं तरी दुसरं जिथल्या तिथे राहील. आरसा आहे, पण तो प्रत्येक थेंबाच्या आत आहे, आणि त्यावर प्रकाश दोनदा आपटतो.

थिओडोरिकनं आणखी एक गोष्ट पकडली. एका वेळी एक थेंब तुमच्या डोळ्याला एकच रंग पाठवतो. तांबडा पाठवणारे थेंब वेगळ्या उंचीवर, निळा पाठवणारे वेगळ्या. थेंब खाली पडतो तसा तो तुमच्यासाठी रंग बदलत जातो आणि त्याच्या जागी वरून दुसरा येतो.

पण याच माणसानं पहिल्या इंद्रधनुष्याचा कोन २२ अंश लिहिलाय! बेकनचा ४२ हा आकडा त्याआधी तीस-चाळीस वर्षांपूर्वीचा. ही लिहिण्यातली चूक की आणखी काही, मला कल्पना करवत नाही, पण प्रकाशाची वाट अचूक आणि आकडा निम्मा, हे बघून मला जरा बरं वाटलं. त्याचं काम पुढे विसरलंही गेलं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला, १८१४ मध्ये, व्हेंतुरी नावाच्या इटालियन अभ्यासकानं ते परत उजेडात आणलं.

तर १३१० पर्यंत वाट माहीत झाली होती. तरी आईचा दुसरा प्रश्न तसाच. थेंबावर ऊन सगळीकडे पडतं, मधोमध, कडेला, सगळीकडे. मग प्रकाश सगळ्या कोनांत बाहेर पडायला हवा. तो ४२ अंशांपाशीच का जमतो, आणि त्यानंतर अचानक अंधार का?

याला एक नियम हवा होता: प्रकाश पाण्यात शिरताना नक्की किती वाकतो. आज आपण त्याला स्नेलचा नियम म्हणतो. तो छापून सर्वांसमोर आणला रने देकार्तनं, १६३७ मध्ये. हो, तोच 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' वाला. त्या प्रसिद्ध पुस्तकालाच जोडून त्यानं हवामानावर एक निबंध छापला होता, आणि त्यात इंद्रधनुष्य आहे.

देकार्तनं जे केलं ते अक्षरशः लूप चालवणं होतं. फक्त हातानं. त्यानं थेंबाच्या त्रिज्येचे १०,००० भाग केले. मग एक किरण केंद्रापासून १,००० भागांवर आपटतो असं धरून तो कुठे बाहेर पडेल ते काढलं. मग २,००० वर, ३,००० वर, असं कडेपर्यंत. पुढे जिथे गंमत दिसली तिथे पुन्हा बारीक पावलांनी.

हे मला करून बघायचंच होतं. ऐकणाऱ्यांनी नुसतं ऐका, वाचणाऱ्यांसाठी कोड इथे देतोय. फोनवर कुठल्याही पायथन ॲपमध्ये चालेल.

```python
from math import asin, degrees
n = 4/3
for b in [0.2, 0.4, 0.6, 0.8, 0.86, 0.9, 0.95, 1.0]:
    i, r = degrees(asin(b)), degrees(asin(b/n))
    print(b, round(4*r - 2*i, 1), round(180 + 2*i - 6*r, 1))
```

यात `b` म्हणजे किरण थेंबाच्या मध्यापासून किती दूर आपटला: 0 म्हणजे मधोमध, 1 म्हणजे अगदी कडेला. `n` म्हणजे पाण्याचा अपवर्तनांक. पुढचे दोन आकडे म्हणजे तो प्रकाश तुम्हाला आकाशात कुठे दिसेल: पहिला आत एकदा आपटलेल्या प्रकाशाचा, दुसरा दोनदा आपटलेल्याचा. आणि हे कोन मोजायचे कुठून? सूर्याकडे पाठ करून उभे राहा. तुमच्या डोक्याची सावली जिथे पडते, तो सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदू. तिथे शून्य. आज याला आपण सावलीचा बिंदू म्हणू.

उत्तर असं येतं:

```
0.2 11.4 151.3
0.4 22.7 122.4
0.6 33.2 93.3
0.8 41.2 65.0
0.86 42.0 57.6
0.9 41.5 53.6
0.95 38.1 51.0
1.0 14.4 68.5
```

मधला रकाना हळूहळू वाचा. ११, २२, ३३, ४१, ४२... आणि मग परत ४१, ३८, १४. चेंडू वर फेकला की तो सगळ्यांत वर पोचताना क्षणभर रेंगाळतो आणि मग खाली येतो, तसं. ४२ च्या पुढे आकडा जातच नाही. आणि रेंगाळतो म्हणजे काय? 0.8 पासून 0.9 पर्यंत थेंबाचा बऱ्यापैकी रुंद पट्टा आहे, पण त्यावर पडलेला सगळा प्रकाश एका अंशाच्या आत कोंबला जातो. तिथे गर्दी होते. ती गर्दी म्हणजे पहिलं इंद्रधनुष्य.

आता शेवटचा रकाना. १५१, १२२, ९३, ६५... खाली येत येत ५१ ला थांबतो आणि परत वर, ६८. इथे उलटं आहे: ५१ हा तळ आहे. त्याच्या खाली एकही किरण येत नाही. तळापाशी पुन्हा गर्दी, आणि ते दुसरं इंद्रधनुष्य.

आता आईचा काळा पट्टा. एकदा आपटलेला प्रकाश फक्त ४२ अंशांच्या आत मिळतो. दोनदा आपटलेला फक्त ५१ च्या बाहेर. मधल्या नऊ अंशांत दोघांपैकी कोणीच येत नाही. त्या भागातल्या थेंबांवरही ऊन पडतंच, ते थेंबही प्रकाश पाठवतात, पण तो तुमच्या डोळ्याच्या वर किंवा खाली निघून जातो. तुमच्यापासून दुसरीकडे उभ्या असलेल्या कोणाच्या तरी डोळ्यात तो इंद्रधनुष्य म्हणून पोचेल.

म्हणजे तसं बघितलं तर पट्टा काळा नाहीच. पहिल्या धनुष्याच्या आतलं आकाश थोडं जास्त उजळ असतं, कारण ४२ पर्यंतचे सगळे कोन तिथे भरलेत, पण रंग एकमेकांवर पडून पांढरट झालेत. दुसऱ्याच्या बाहेरचं आकाशही किंचित उजळ. मधल्याला ही जादा भर मिळत नाही, म्हणून तो शेजाऱ्यांच्या मानानं काळपट वाटतो. ढगांचा आणि थेंबांच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून उसळलेला प्रकाश तिथेही असतोच. पुढच्या वेळी दोन्ही धनुष्यं दिसली की रंगांकडे नका बघू, तीन पट्ट्यांकडे बघा: आतला उजळ, मधला काळपट, बाहेरचा मध्यम. दुसरं धनुष्य अगदी पुसट असलं तरी पहिल्याच्या आतबाहेरचा फरक बहुतेक वेळा कळतो. आमच्या गच्चीवरून काढलेल्या फोटोत तो स्पष्ट आहे, मी बघितलाच नव्हता इतकंच.

देकार्तच्या तक्त्यातून पहिल्याची कमाल ४१ अंश ४७ मिनिटं आणि दुसऱ्याची किमान ५१ अंश ३७ मिनिटं आली. हातानं! (अंशाचा साठावा भाग म्हणजे मिनिट.) पण रंगांचं कोडं त्याला सुटलं नाही. प्रकाशाचे कण गोल गोल फिरतात आणि फिरण्याच्या वेगानुसार रंग दिसतात, असं काहीतरी त्यानं लिहिलं. ते सोडून देऊ.

रंग सोडवले न्यूटननं. पांढऱ्या उन्हात सगळे रंग आधीच असतात आणि प्रत्येक रंग थोडा वेगळा वाकतो, हे त्यानं प्रिझमनं दाखवून १६७२ मध्ये छापलं, आणि इंद्रधनुष्याचा पूर्ण हिशेब १७०४ च्या 'ऑप्टिक्स' मध्ये दिला. त्यानं पाण्यासाठी तांबड्याचा अपवर्तनांक १०८/८१ धरला आणि जांभळ्याचा १०९/८१. आता १०८/८१ म्हणजे बरोबर ४/३. म्हणजे वर मी जो कोड चालवला तो नकळत न्यूटनच्या तांबड्याचा होता. `n = 109/81` टाकून परत चालवा. पहिल्याचा आकडा ४२ वरून साधारण ४० वर उतरतो, आणि दुसऱ्याचा ५१ वरून ५४ वर चढतो. न्यूटनचे आकडे: पहिल्यात तांबडा ४२ अंश २ मिनिटं, जांभळा ४० अंश १७ मिनिटं. दुसऱ्यात तांबडा ५० अंश ५७ मिनिटं, जांभळा ५४ अंश ७ मिनिटं.

रंग उलटे झाले! कोडमध्ये दिसले. पण का? आकडे दाखवून आई गप्प बसणार नव्हती. म्हणून मी तिला शाळेच्या कवायतीतलं 'पीछे मुड' सांगितलं.

'पीछे मुड' म्हणजे १८० अंश वळायचं. समजा थेंबात शिरलेला प्रकाश हे वळण घेतोय. तो बरोबर १८० वळला तर तो आला त्याच वाटेनं परत जाईल, म्हणजे तुम्हाला सावलीच्या बिंदूत दिसेल. पहिल्या इंद्रधनुष्याचा प्रकाश एकदाच आपटतो, म्हणून तो पूर्ण वळत नाही. साधारण १३८ अंश वळतो, ४२ कमी पडतात. दुसऱ्याचा प्रकाश दोनदा आपटतो, तो २३१ अंश वळतो. १८० ओलांडून ५१ पुढे जातो.

आता जांभळा हा तांबड्यापेक्षा नेहमी थोडा जास्त वळणारा गडी आहे. दोन्ही धनुष्यांत. त्यात काही उलटं होत नाही. पहिल्यात सगळे कमी पडतायत, त्यामुळे जो जास्त वळतो तो १८० च्या जास्त जवळ पोचतो, म्हणजे सावलीच्या बिंदूच्या जवळ. जांभळा आत. दुसऱ्यात सगळे ओलांडून गेलेत, त्यामुळे जो जास्त वळतो तो १८० पासून आणखी लांब जातो. जांभळा बाहेर. तांबडा दोन्हीकडे कमी वळणारा, म्हणून दोन्हीकडे तो मधल्या पट्ट्याच्या कडेला. अलेक्झांडरला खटकलेल्या, एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन तांबड्या कडा त्या याच.

"म्हणजे एक बसस्टॉपच्या अलीकडे उतरला आणि एक पलीकडे," आई म्हणाली. तसंच. जो जास्त पुढे जातो तो अलीकडच्यांत स्टॉपच्या जवळचा ठरतो आणि पलीकडच्यांत लांबचा. माझ्या कवायतीपेक्षा हे बरंय.

राहिला फिकेपणा. इथे मला माझी दुसरी चूक सापडली, आणि ही एकट्या माझी नाही. परीक्षेच्या तयारीत मी कित्येक वेळा लिहिलंय की थेंबाच्या आत 'पूर्ण आंतरिक परावर्तन' होतं. म्हणजे सगळाच्या सगळा प्रकाश परत फिरतो. अजूनही अनेक नोट्समध्ये आणि व्हिडिओंमध्ये हेच असतं. पण असं होऊच शकत नाही. पूर्ण परावर्तनासाठी पाण्याच्या आत किरण ४८.६ अंशांपेक्षा जास्त तिरपा आपटावा लागतो. आणि थेंब गोल असल्यामुळे किरण आत शिरताना ज्या कोनात वाकला, त्याच कोनात तो मागच्या भिंतीवर आपटतो. बाहेरून आलेला कुठलाही किरण शिरताना ४८.६ च्या पुढे वाकू शकत नाही, म्हणून आपटतानाही तो त्यापुढे जात नाही. पहिल्या इंद्रधनुष्यात हा कोन साधारण ४०, दुसऱ्यात ४५. दोन्ही कमीच.

मग प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या इंद्रधनुष्याचा किरण मागच्या भिंतीवर आपटतो तेव्हा त्यातला फक्त सहा टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फिरतो. बाकीचा चौऱ्याण्णव टक्के सरळ थेंबातून बाहेर! म्हणजे आपण ज्याला इंद्रधनुष्य म्हणतो ती उरलीसुरली गळती आहे. शिरताना आणि निघताना जाणारा थोडा भाग धरला तर थेंबावर त्या जागी पडलेल्या १०० भाग प्रकाशातले साधारण साडेचार भाग आपल्यापर्यंत येतात. दुसऱ्यात दोनदा आपटावं लागतं, आणि प्रत्येक वेळी बहुतेक प्रकाश निसटतो. तिथे १०० पैकी साधारण दोन उरतात.

इथे एक गंमत आहे. सहा टक्क्यांचे सहा टक्के केले तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी यायला हवं, दोन कसे? कारण दुसऱ्या वाटेचा किरण थेंबाच्या कडेच्या जास्त जवळ आपटतो, 0.86 ऐवजी 0.95 वर, आणि आतही जास्त तिरपा आपटतो. तिरपा आपटला की परत फिरणारा भाग वाढतो. तसं नसतं तर दुसरं इंद्रधनुष्य नुसत्या डोळ्यांनी दिसणं मुश्कील झालं असतं.

शिवाय हा अर्ध्याहून कमी उरलेला प्रकाश पसरतोही जास्त. न्यूटनच्याच आकड्यांनी पहिल्याची रुंदी पावणेदोन अंश, दुसऱ्याची तीन अंशांपेक्षा थोडी जास्त. कमी लोणी आणि मोठी भाकरी. म्हणून पावसाचा पडदा दाट आणि मागचा ढग काळा असेल तरच ते उठून दिसतं. मागे पांढरट आभाळ असेल तर दुसरं धनुष्य तिथे असूनही तुम्हाला दिसत नाही.

आता गच्चीवर जाणाऱ्यांसाठी दोन कामाच्या गोष्टी. एक, फोनच्या नेहमीच्या कॅमेऱ्यात पूर्ण कमान मावत नाही. पहिल्या धनुष्याची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची रुंदी ८४ अंशांपर्यंत असते आणि मुख्य कॅमेरा आडवा धरूनही साधारण ७० अंशच बघतो. दुसरं धनुष्य तर शंभराच्या वर. तेव्हा वाइड लेन्स लावा, नाहीतर एकाच पायापाशी दोन्ही धनुष्यं आणि मधला पट्टा येईल असा तुकडा काढा.

दोन, पोलराइज्ड गॉगल असेल तर तो घालून कमानीच्या माथ्याकडे बघा. माथा जवळजवळ नाहीसा होईल. मग गॉगल काढून हातात धरा, नव्वद अंश फिरवा आणि एका काचेतून बघा, माथा परत येईल. थेंबाच्या आत आपटून परत फिरणारा प्रकाश मुख्यतः एकाच दिशेत कंप पावणारा उरतो, म्हणून असं होतं. पूर्ण परावर्तन झालं असतं तर प्रकाश असा चाळला गेला नसता. परीक्षेत चुकीचं लिहिलेल्या सगळ्यांनी हा प्रयोग जरूर करा.

मागच्या भागाच्या पानावर मी दुरुस्तीची ओळ टाकली आहे. आईला हा ट्रान्सक्रिप्ट वाचून दाखवला. तिनं बसस्टॉपवालं वाक्य तिच्या नावावर आहे ना, एवढंच विचारलं. आहे. आता तिचा पुढचा प्रश्न असा, की प्रकाश तीनदा आपटला तर तिसरं इंद्रधनुष्य कुठाय? ते असतं, पण सूर्याच्याच बाजूला, त्याच्याभोवती साधारण ४० अंशांवर, आणि उन्हाच्या झगमगाटात इतकं फिकं की त्याचा फोटो मिळायला २०११ साल उजाडलं. ती गोष्ट पुढच्या भागात.